महिन्याच्या मधेच प्लॅन बदलला, मग बिल असं कसं आलं?

जूनमध्ये कोल्हापुरातल्या एका संगीत क्लासला नव्या प्रवेशांची गर्दी आहे, असं समजू. क्लास चालवणाऱ्या बाई हजेरी, फी आणि पालकांना जाणारे निरोप यांसाठी एक सॉफ्टवेअर वापरतात. त्याचा साधा प्लॅन महिना ९०० रुपयांचा आणि त्यात ५० विद्यार्थ्यांची मर्यादा. बिल दर महिन्याच्या १ तारखेला आगाऊ कापलं जातं. ११ जूनला एक्कावन्नावा विद्यार्थी आला, सॉफ्टवेअरनं नाव घ्यायला नकार दिला, म्हणून बाईंनी तिथंच बटण दाबून १,५०० रुपयांचा मोठा प्लॅन घेतला. त्या दिवशी खात्यातून काहीच गेलं नाही. ३० जूनला मात्र बँकेचा संदेश आला, की उद्या २,२४२ रुपये कापले जातील. १,५०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरला तर १,७७० व्हायला हवेत. मग वरचे ४७२ कसले?

हे ४७२ रुपये बरोबर आहेत. पण ते कुठून आले हे कंपनीच्या मदत केंद्रावरच्या माणसालाही पुष्कळदा नीट सांगता येत नाही, आणि ग्राहकाच्या मनात आपल्याला फसवलं असं राहून जातं. हिशेब खरं तर शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. इंग्रजीतून आलेलं त्याचं नाव प्रोरेशन. आपल्याकडे ऑफिसांतून त्यालाच प्रो-राटा हिशेब म्हणतात. सेवा जितके दिवस वापरली तितक्या दिवसांचेच पैसे, एवढाच त्याचा अर्थ.

घरी दुधाचा रतीब असतो तिथं हा हिशेब आपण न बोलता करतो. दहा तारखेपर्यंत अर्धा लिटर, अकरापासून एक लिटर. महिनाअखेरीला दोन्हींची बेरीज करून गवळ्याला पैसे देतो. तिथं गोंधळ होत नाही, कारण दूध आधी येतं आणि पैसे नंतर जातात. सॉफ्टवेअर, चित्रपटांची ॲप, ऑनलाइन साठवणीची जागा या सगळ्यांत उलट असतं. पैसे आधी घेतलेले असतात. म्हणून मधेच बदल झाला की एका बेरजेनं भागत नाही. जुन्या प्लॅनचे न वापरलेल्या दिवसांचे पैसे आधी परत करावे लागतात आणि मग त्याच दिवसांचे नव्या दरानं घ्यावे लागतात. बिलावर दोन ओळी येतात, त्यातली एक वजा चिन्हाची. बहुतेक गैरसमज या दोन ओळींतच सुरू होतात.

बाईंच्या बिलाकडेच पाहू. जूनचे दिवस ३०. १ ते १० जून असे १० दिवस साध्या प्लॅनवर गेले, ११ ते ३० असे २० दिवस उरले. साध्या प्लॅनचा एका दिवसाचा दर ९०० भागिले ३०, म्हणजे ३० रुपये. उरलेल्या २० दिवसांचे ६०० रुपये कंपनीकडे आगाऊ पडून आहेत, ते बाईंच्या नावावर जमा. मोठ्या प्लॅनचा एका दिवसाचा दर ५० रुपये, २० दिवसांचे १,००० रुपये. १,००० मधून ६०० वजा केले की उरतात ४००. त्यावर १८ टक्के जीएसटी ७२. एकूण ४७२. कंपनीनं ते ११ जूनला न घेता १ जुलैच्या बिलात घातले. जुलैचे १,५०० आणि जूनच्या फरकाचे ४०० मिळून १,९००, त्यावर ३४२ रुपये कर, म्हणून २,२४२.

बिल इंग्रजीत असेल, आणि स्ट्राइपसारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या बिलिंग प्रणालीतून निघालेलं असेल, तर त्यात या ओळी साधारण अशा दिसतात:

```
Unused time on Basic after 11 Jun 2025      -₹600.00
Remaining time on Pro after 11 Jun 2025    ₹1,000.00
Pro (1 Jul – 31 Jul 2025)                  ₹1,500.00
```

पहिली ओळ जुन्या प्लॅनच्या न वापरलेल्या दिवसांची परतफेड सांगते, दुसरी त्याच दिवसांचे नव्या प्लॅनचे पैसे, तिसरी पुढच्या महिन्याचे नेहमीचे. घोटाळा दुसऱ्या ओळीत होतो. ‘रिमेनिंग टाइम’ वाचून लोकांना वाटतं, की आपला उरलेला वेळ म्हणजे आपल्याला येणं असलेली रक्कम. प्रत्यक्षात ते देणं असतं. शिवाय या दोन्ही ओळी जूनच्या आहेत आणि तिसरी जुलैची, पण तिन्ही एकाखाली एक छापल्यामुळे एकाच महिन्याचे दोनदा पैसे घेतल्यासारखं दिसतं.

बिल बरोबर आहे की नाही हे पाहायला कंपनीची पद्धत कळायची गरज नाही. एक ताळा पुरतो. त्या महिन्यात एकूण किती भरले, आणि जितके दिवस जो प्लॅन वापरला त्याचे दिवसाच्या दरानं किती होतात, हे दोन आकडे करविरहित धरून समोरासमोर ठेवायचे. बाईंनी जूनसाठी १ तारखेला ९०० दिले आणि फरकाचे ४००, एकूण १,३००. वापर पाहिला तर १० दिवस ३० रुपयांनी ३०० आणि २० दिवस ५० रुपयांनी १,०००, एकूण १,३००. ताळा जुळला. कुठलीही कंपनी असो, वजा-अधिकच्या ओळी कितीही असोत, हा ताळा रुपया-दोन रुपयांच्या आत जुळला पाहिजे. नाही जुळला तर कारण विचारायचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

आता कंपन्या वेगळं काय करतात ते पाहू. दिवसाचा दर सगळीकडे तोच असतो. पैसे कधी घ्यायचे आणि बिलाची तारीख हलवायची की नाही, इथं वाटा फुटतात. बाईंच्याच आकड्यांवर चार वाटा घेऊ, कर बाजूला ठेवून.

पहिली वाट आपण पाहिली. फरक पुढच्या बिलात घालायचा, तारीख १ च ठेवायची. स्ट्राइपमध्ये `proration_behavior` नावाची एक खूण असते. कंपनीनं ती बदलली नाही तर तिचं मूल्य `create_prorations` राहतं, आणि महिन्याच्या प्लॅनवरून महिन्याच्याच प्लॅनवर गेलेल्या ग्राहकाच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. म्हणजे ही वाट कंपनीनं विचारपूर्वक निवडलेली असतेच असं नाही. पुष्कळदा ती आयती आलेली असते.

दुसरी वाट, फरकाचे ४०० रुपये ११ जूनलाच घ्यायचे. त्याच खुणेचं मूल्य `always_invoice` केलं की हे होतं. तारीख १ च राहते, १ जुलैला नेहमीचे १,५०० जातात, आणि कुठल्याही बिलात दोन महिन्यांची सरमिसळ होत नाही. मला ही वाट सर्वांत सरळ वाटते. ज्या क्षणी निर्णय घेतला त्याच क्षणी त्याची किंमत समोर येते. ती नको वाटली तर माणूस तिथंच थांबू शकतो.

तिसऱ्या वाटेत बिलाचं चक्रच नव्यानं सुरू होतं. ११ जूनला १,५०० रुपयांचा पूर्ण महिना सुरू, त्यातून ६०० वजा, भरायचे ९००. पुढचं बिल ११ जुलैला. ॲपलच्या ॲप स्टोअरवरून घेतलेल्या सेवांत वरच्या प्लॅनवर गेल्यावर असंच काहीसं होतं. नवा प्लॅन लगेच सुरू होतो आणि जुन्याच्या उरलेल्या दिवसांचा परतावा मिळतो. महिन्याच्या प्लॅनवरून वर्षाच्या प्लॅनवर गेलं, तर स्ट्राइपसुद्धा तारीख हलवते, कारण दोन वेगळ्या लांबीची चक्रं एका तारखेला बांधून ठेवता येत नाहीत. ही वाट धरणाऱ्यांनी नवी तारीख डायरीत लिहून ठेवावी. ज्यांचा पगार किंवा फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जमा होते त्यांच्या खात्यात ११ तारखेला पुरेशी शिल्लक असेलच असं नाही.

चौथी वाट वेगळीच. पैसे घ्यायचे नाहीत, वेळ कापायचा. बाईंचे ६०० रुपये शिल्लक आहेत, मोठ्या प्लॅनचा दिवस ५० रुपयांचा, म्हणजे त्या ६०० रुपयांत मोठा प्लॅन १२ दिवस चालेल. ११ जूनला काही भरायचं नाही, २२ जूनपर्यंत मोठा प्लॅन वापरायचा, २३ जूनला १,५०० रुपये जातील आणि पुढे दर महिन्याची २३ तारीख. गूगल प्लेवर सेवा विकणाऱ्यांना मिळणाऱ्या पर्यायांपैकी हा एक आहे, त्याचं नाव `WITH_TIME_PRORATION`. तिथंच `CHARGE_PRORATED_PRICE` हा पर्याय निवडला तर दुसऱ्या वाटेसारखा फरक लगेच घेतला जातो आणि तारीख हलत नाही. चौथ्या वाटेत ग्राहकाचं नुकसान काहीच नाही, तरी तक्रारी इथंही होतात. महिन्याचे पैसे आधी भरले होते, मग २३ तारखेला पुन्हा का कापले, असं वाटतं. ताळा करून पाहा. १० दिवसांचे ३०० आणि १२ दिवसांचे ६०० मिळून ९००, म्हणजे १ जूनला भरलेली रक्कम २२ जूनला बरोबर संपली.

यांखेरीज काही कंपन्या हिशेबच करत नाहीत. उरलेले दिवस नवा प्लॅन फुकट देतात आणि पुढच्या तारखेपासून नवा दर लावतात. ग्राहकाला यात आनंदच आहे.

भारतात या वाटांवर आणखी एका गोष्टीचा परिणाम होतो, ती म्हणजे खात्यातून आपोआप होणाऱ्या कपातीचे रिझर्व्ह बँकेचे नियम. कार्डांवरच्या अशा कपातीसाठी ते १ ऑक्टोबर २०२१ पासून कसोशीनं लागू झाले. प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला संदेश जायला हवा, आणि ती कपात किंवा पूर्ण संमतीच रद्द करण्याची सोय त्यात हवी. अशा नेहमीच्या सेवांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची कपात दर वेळी ओटीपी न विचारता होऊ शकते, ही मर्यादा जून २०२२ पासूनची. यावरून एक गोष्ट उघड होते. बटण दाबल्या क्षणी ४७२ रुपये आपोआप कापता येणार नाहीत, कारण २४ तासांची सूचना कुठे दिली आहे? म्हणून दुसरी वाट धरणाऱ्या कंपनीला त्या वेळी ग्राहकाकडून ओटीपी किंवा यूपीआयचा पिन घेऊन वेगळा व्यवहार करावा लागतो. हा एक टप्पा वाढतो. तो टाळायचा म्हणून फरक पुढच्या बिलात ढकलण्याचा मोह कंपनीला होतो.

पण तिथंही एक अडचण आहे. सुरुवातीला संमती देताना ग्राहकानं कमाल रकमेला होकार दिलेला असतो. बाईंनी ९०० रुपयांच्या प्लॅनसाठी २,००० रुपयांपर्यंत संमती दिली असती, तर मोठ्या प्लॅनचं नेहमीचं १,७७० रुपयांचं बिल पुढे दर महिन्याला व्यवस्थित गेलं असतं. १ जुलैचं २,२४२ रुपयांचं एकच बिल मात्र अडलं असतं. खात्यात पैसे असूनही. मग सेवा थांबल्याचा ईमेल येतो, माणूस बँकेला फोन करतो, बँक म्हणते आमच्याकडे अडचण नाही. वरचा प्लॅन घेतल्यानंतरचं पहिलंच बिल नाकारलं गेलं, तर सर्वांत आधी संमतीची कमाल रक्कम पाहावी. ती बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये, चालू असलेल्या कपातींच्या यादीत दिसते.

दिवस कसा मोजायचा यातही फरक आहेत. आपण आख्खे दिवस धरले. स्ट्राइप सेकंदानं मोजते. बाईंचं चक्र १ जूनच्या मध्यरात्री सुरू झालं आणि त्यांनी बटण ११ जूनला दुपारी ३ वाजता दाबलं, तर महिन्याच्या ७२० तासांपैकी ४६५ तास उरतात. दोन प्लॅनमधला महिन्याचा फरक ६०० रुपये, त्याला ४६५ नं गुणून ७२० नं भागलं की ३८७ रुपये ५० पैसे येतात. दिवसाच्या हिशेबानं ४०० येत होते. साडेबारा रुपयांचा हा फरक चूक नाही. सेकंदाची पद्धत जास्त काटेकोर आहे, फक्त कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाला तिचा आकडा जुळवणं अवघड जातं.

दिवसानं मोजणाऱ्या कंपन्यांत दुसरा घोळ होतो तो घड्याळाचा. परदेशी सॉफ्टवेअरचा सर्व्हर पुष्कळदा यूटीसी वेळेवर चालतो, आणि ती आपल्या साडेपाच तास मागे आहे. आपल्याकडे ११ जूनच्या पहाटेचे २ वाजले असतील तेव्हा सर्व्हरच्या लेखी १० जूनच्या रात्रीचे साडेआठच झालेले असतात. उरलेले दिवस २० ऐवजी २१ धरले जातात आणि बिलात २० रुपये वाढतात. अशा कंपनीत मध्यरात्रीनंतर आणि पहाटे साडेपाचच्या आधी प्लॅन बदलणाऱ्या भारतीय ग्राहकाला हा एक दिवस जास्त लागू शकतो. ताळ्यात बरोबर एका दिवसाचा फरक दिसला तर बदल किती वाजता केला होता ते आधी आठवावं.

महिन्याची लांबीही बदलते. त्याच ६०० रुपयांच्या फरकाचा एक दिवस फेब्रुवारीच्या २८ दिवसांत २१ रुपये ४३ पैशांचा, तर जुलैच्या ३१ दिवसांत १९ रुपये ३५ पैशांचा. काही कंपन्या ही कटकट नको म्हणून वर्षभर ३० नंच भागतात. त्याला हरकत नाही, पण ३१ दिवसांच्या महिन्यात पहिल्याच दिवशी प्लॅन बदलला तर त्रिसांश दरानं ३१ दिवसांचे पैसे लागतात, म्हणजे पूर्ण महिन्यापेक्षा जास्त. चांगल्या प्रणालीत इथं कमाल मर्यादा घातलेली असते. ती नसेल तर ते बिल चुकीचं आहे.

खरी गफलत होते ती सवलतीत. बाईंना पहिला महिना निम्म्या दरात मिळाला होता, ९०० ऐवजी ४५० रुपयांत, असं धरू. आता उरलेल्या २० दिवसांचे किती परत द्यायचे? छापील दर धरला तर ६०० रुपये, म्हणजे बाईंनी मुळात भरलेल्या रकमेपेक्षा १५० रुपये जास्त, शिवाय १० दिवस सेवा वापरून. हे उघडच चूक आहे. परतावा प्रत्यक्ष भरलेल्या ४५० वर काढायचा, तो येतो ३०० रुपये. मग फरक ४०० न राहता ७०० होतो, आणि बाईंना वाटतं की आपल्याकडून जास्त घेतले. यातला न्याय वेगळ्याच प्रश्नावर ठरतो. ती सवलत जुन्या प्लॅनपुरती होती की पहिल्या महिन्यात कुठलाही प्लॅन घेतला तरी होती? पहिल्या महिन्याला होती असेल, तर नव्या प्लॅनच्या २० दिवसांनाही ती लागू पडली पाहिजे. १,००० चे ५०० होतील आणि भरायचे राहतील फक्त २००. एकाच बटणाचे ४००, ७०० आणि २०० असे तीन आकडे निघू शकतात, ते सवलतीच्या अटीतल्या एका वाक्यावर. सवलतीत असताना वरचा प्लॅन घ्यायचा असेल, तर ते वाक्य आधी वाचावं, आणि सापडलं नाही तर लेखी विचारून घ्यावं.

कंपनीचं नुकसान करणारी एक जागाही आहे. १ जूनचं ९०० रुपयांचं बिल भरलंच गेलं नाही, कार्डाची मुदत संपली होती. सॉफ्टवेअर काही दिवस थांबून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतं आणि तोवर सेवा चालू ठेवतं. त्यातच ११ जूनला बाईंनी वरचा प्लॅन घेतला. प्रणाली मागचं बिल पुढेमागे भरलं जाईलच असं धरून चालते आणि ६०० रुपये जमा दाखवते. म्हणजे न आलेल्या पैशांचा परतावा. ते जुनं बिल नंतर रद्द झालं, तर १,००० रुपयांची सेवा ४०० रुपयांत गेली. शहाण्या कंपन्या बिल थकलेलं असताना प्लॅन बदलू देत नाहीत. ग्राहकाला ती आडमुठी वागणूक वाटते, पण कारण हे आहे.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो नोंदणीकृत व्यावसायिकांनाच लागू आहे. १ जूनच्या ९०० रुपयांच्या बिलावर १६२ रुपये जीएसटी भरला गेला होता. त्यातल्या ६०० रुपयांची सेवा आता दिली जाणार नाही, म्हणून काटेकोर कंपनी ६०० अधिक १०८ अशी ७०८ रुपयांची क्रेडिट नोट काढते आणि १,००० अधिक १८० असं १,१८० रुपयांचं नवं बिल देते. दोन्हींतला फरक तोच, ४७२. जो व्यावसायिक या कराचं इनपुट क्रेडिट घेतो त्यानं दोन्ही कागद हिशेबनिसाकडे द्यावेत. नुसतं १,१८० चं बिल दिलं आणि क्रेडिट नोट ईमेलमध्येच राहिली, तर १०८ रुपयांचं क्रेडिट जास्त घेतलं जातं आणि पुढे जुळवाजुळव करताना ते उघडं पडतं.

आता राहिली ती गोष्ट मला सर्वांत दुर्लक्षित वाटते. प्रोरेशन पैसे वेळेच्या प्रमाणात वाटतं, पण ग्राहक सेवा वेळेच्या प्रमाणात वापरत नाही. बाईंच्या साध्या प्लॅनमध्ये पालकांना महिन्याला १,००० निरोप पाठवता येत होते, आणि प्रवेशाच्या धांदलीत ते सगळे पहिल्या दहा दिवसांतच संपले. तरीही दिवसांच्या हिशेबानं त्यांना ६०० रुपये परत मिळाले, जणू दोन तृतीयांश प्लॅन शिल्लक होता. कंपनीच्या दृष्टीनं तो पूर्ण संपला होता.

मोठ्या प्लॅनमध्ये महिन्याला ५,००० निरोप आहेत. ११ जूनला बाईंच्या वाट्याला किती यावेत? नव्या महिन्यासारखे पूर्ण ५,००० देणारे आहेत. आधी वापरलेले १,००० वजा करून ४,००० देणारे आहेत. पैसे २० दिवसांचे घेतले म्हणून निरोपही २० दिवसांचे, म्हणजे ३,३३३ देणारेही आहेत. तिन्ही पद्धती तर्काला धरून आहेत आणि बिलावर यातलं एक अक्षरही नसतं. ताळा जुळतो, पैसे बरोबर असतात, आणि २५ तारखेला निरोप जायचे थांबतात. म्हणून वरचा प्लॅन घेताना रकमेसोबत मर्यादेचाही आकडा विचारून घ्यावा: आज बदल केला तर या महिनाअखेरपर्यंत मला नेमके किती मिळतील, आणि आधी वापरलेले त्यात मोजले जातील का?

कंपन्या इथं सावध का असतात हे महिन्याच्या शेवटी पाहिलं की कळतं. कुणी २८ जूनला वरचा प्लॅन घेतला तर ३ दिवसांचा फरक फक्त ६० रुपये. त्या ६० रुपयांत पूर्ण ५,००० निरोप मिळणार असतील, तर माणूस दोन दिवसांत ते सगळे पाठवून टाकेल आणि १ जुलैच्या आत पुन्हा साध्या प्लॅनवर येईल. म्हणूनच वर जाणं लगेच लागू होतं आणि खाली येणं पुष्कळ ठिकाणी पुढच्या बिलाच्या तारखेपर्यंत थांबवून ठेवलं जातं. ॲपलच्या स्टोअरवरही तसंच आहे. आणि ज्या सेवांत दिवसांपेक्षा वापर महाग पडतो, म्हणजे निरोप, कॉलची मिनिटं, छपाईची पानं, तिथल्या कंपन्या दिवसांचा हिशेब सोडून तिसरी वाट धरतात. बदलाच्या दिवसापासून नवा महिना, पूर्ण पैसे, पूर्ण मर्यादा. अशा कंपनीत जुन्या प्लॅनचा परतावा मिळेलच असं नाही, मिळाला तरी तो उरलेल्या दिवसांवर न काढता उरलेल्या निरोपांवर काढला जातो. बाईंच्या बाबतीत तो शून्य आला असता, आणि ११ जूनला त्यांना ४७२ नव्हे, १,७७० रुपये भरावे लागले असते.